एचडीआर सुरू करताच स्क्रीन फिकी पडली? मॉनिटर परत पाठवायच्या आधी हे वाचा

नवा मॉनिटर घेतला, बॉक्सवर एचडीआर लिहिलंय, म्हणून तुम्ही विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन Use HDR चं बटण चालू करता. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि तुम्हाला वाटतं, काहीतरी बिघडलं. वॉलपेपरवरचं गडद निळं आकाश धुतल्यासारखं दिसतं. काळ्या रंगाच्या जागी राखाडी येतो. फोल्डरचे पिवळे आयकॉन बरेच दिवस उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखे विटलेले दिसतात. व्हिडिओ सुंदर दिसावा म्हणून जे चालू केलं, त्याने बाकीचं सगळंच फिकं करून टाकलं!

इथे बहुतेक जण एकतर ते बटण बंद करतात आणि पुन्हा कधी हात लावत नाहीत, नाहीतर मॉनिटर खराब निघाला असं समजून तो परत करायच्या मागे लागतात. दोन्हीची घाई करू नका. हा फिकेपणा वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. तुमच्याकडे तो कुठून आला हे ओळखायला पाच-दहा मिनिटं पुरतात, पैसे लागत नाहीत.

इथे मी विंडोज ११ आणि केबलने जोडलेला वेगळा मॉनिटर गृहीत धरलाय. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर यातली काही सेटिंग्ज वेगळी दिसतात.

आधी बघा, फिकं नेमकं काय दिसतंय?

सेटिंग बदलायच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, एचडीआर बंद करून बघा. त्यासाठी मेनूत शिरायची गरज नाही, कीबोर्डवर Win + Alt + B दाबलं की एचडीआर बंद होतं आणि तेच पुन्हा दाबलं की चालू होतं. बंद केल्यावरही काळा रंग राखाडीच दिसत असेल, तर दोष एचडीआरचा नाहीच. तो कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यातल्या एका गैरसमजाचा आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी गोष्ट, एचडीआर चालू ठेवून खराखुरा एचडीआर व्हिडिओ लावा. यूट्यूबवर असे भरपूर आहेत. गिअरच्या चिन्हावर क्लिक करून क्वालिटीची यादी उघडली की आकड्यापुढे HDR लिहिलेलं दिसतं. खात्री करायची असेल तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करा आणि Stats for nerds निवडा. कोपऱ्यात एक छोटी चौकट येते. तिच्यात Color या ओळीपुढे smpte2084 किंवा arib-std-b67 असेल, तर व्हिडिओ खरंच एचडीआर आहे. तिथे दोन्ही बाजूंना bt709 असेल, तर तुम्ही साधाच व्हिडिओ बघताय, मग त्याच्या नावात एचडीआर असो वा नसो.

तिसरी गोष्ट म्हणजे तुलना. हा एचडीआर व्हिडिओ फुल स्क्रीनवर चांगला दिसतोय, पण डेस्कटॉप, ब्राउझर, एक्सेल फिकं दिसतंय का? की उलट, डेस्कटॉप ठीक आहे आणि व्हिडिओच दुधात पाणी घातल्यासारखा दिसतोय? या एका उत्तरावर पुढची वाट ठरते.

सगळ्यात जास्त लोकांकडे पहिला प्रकार असतो, म्हणजे व्हिडिओ छान आणि बाकी सगळं फिकं. म्हणून आधी तोच नीट समजून घेऊ.

पांढरा म्हणजे किती पांढरा?

साध्या सिग्नलमध्ये कॉम्प्युटर मॉनिटरला एवढंच सांगतो की इथे पूर्ण पांढरा, इथे अर्धा, इथे काळा. पूर्ण पांढरा म्हणजे किती उजेड, हे मॉनिटरवरचं ब्राइटनेसचं बटण ठरवतं. तुम्ही ब्राइटनेस कमी केलात की सगळंच त्या प्रमाणात खाली येतं. जसा गाण्याचा आवाज आपण आपल्या सोयीने लहान-मोठा करतो, तसंच.

एचडीआरचा सिग्नल असा मोघम बोलत नाही. एचडीआर१० प्रकारात कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्यासाठी थेट उजेडाचं माप सांगतो. या मापाला निट म्हणतात. हा ठिपका १०० निट्स, तो ठिपका ६०० निट्स, असं. या पद्धतीत वरची मर्यादा १०,००० निट्सपर्यंत ठेवलेली आहे, अर्थात घरातला कुठलाही साधा मॉनिटर त्याच्या जवळपासही जात नाही.

आता अडचण लक्षात येईल. तुमची वर्डची फाइल, व्हॉट्सॲप वेब, ऑफिसचं पोर्टल हे सगळं जुन्या पद्धतीने बनलेलं आहे. त्यात निट्सचा उल्लेखच नाही. एचडीआर चालू असताना विंडोजला या सगळ्याचं भाषांतर करावं लागतं आणि त्यासाठी आधी ठरवावं लागतं की या कागदाचा पांढरा रंग किती निट्सचा समजायचा.

हे ठरवणारा स्लायडर तुमच्या हातात आहे, फक्त तो फार कुणी उघडत नाही. `Settings > System > Display > HDR` इथे जा. दोन स्क्रीन जोडलेल्या असतील तर वरून योग्य मॉनिटर निवडा. खाली SDR content brightness नावाचा स्लायडर दिसेल. तो ० वर असताना पांढरा रंग ८० निट्सचा असतो आणि प्रत्येक पायरीला ४ निट्स वाढतात. म्हणजे १० वर १२० निट्स, ३० वर २०० निट्स आणि १०० वर ४८० निट्स.

आता तुम्ही म्हणाल, यात फिकेपणा कुठून आला? पांढरा कमी झाला तर सगळं फक्त अंधारं दिसायला हवं. तर खरा चोर पांढऱ्यात नाही, काळ्यात आहे.

काळा राखाडी होण्याचं गणित

साध्या एलसीडी मॉनिटरमध्ये मागे दिवे असतात, त्यांना बॅकलाइट म्हणतात. पुढचं पॅनेल तो उजेड अडवतं किंवा जाऊ देतं. काळा दाखवायचा म्हणजे उजेड पूर्ण अडवायचा, पण पॅनेलला ते शंभर टक्के जमत नाही. सर्वसाधारण आयपीएस पॅनेलमध्ये हजारातला एक भाग उजेड निसटतोच. यालाच १०००:१ कॉन्ट्रास्ट म्हणतात.

एचडीआर बंद असताना समजा तुम्ही मॉनिटर १२० निट्सवर ठेवलाय. मग काळा रंग ०.१२ निट्सचा दिसेल. घरातल्या उजेडात तो डोळ्याला काळाच वाटतो.

आता एचडीआर चालू करा. व्हिडिओत कधीही झगमगता उजेड येऊ शकतो म्हणून स्वस्तातले बहुतेक मॉनिटर बॅकलाइट एकदम वरच्या टोकाला नेऊन ठेवतात. मॉनिटर ४०० निट्सचा असेल तर काळा आता ०.४ निट्सचा झाला, तिपटीहून अधिक उजळ. तुमचा स्लायडर १० वर असेल तर डेस्कटॉपचा पांढरा मात्र १२० निट्सवरच आहे. १२० भागिले ०.४ म्हणजे ३००. हजारास एक असलेला कॉन्ट्रास्ट तीनशेस एक झाला! वॉलपेपर फिका दिसतो तो यामुळे. रंग गेलेले नसतात, त्यांच्या खाली राखाडी उजेडाचा थर आलेला असतो.

इलाजही याच गणितात आहे. स्लायडर ३० वर नेला की पांढरा २०० निट्सवर जातो आणि कॉन्ट्रास्ट ५००:१ होतो. लगेच फरक दिसतो. मग १०० वरच का नेऊ नये? कारण रात्री खोलीत बसून कोरा पांढरा एक्सेल एवढ्या उजेडात बघणं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटकडे बघण्यासारखं आहे. शिवाय एचडीआर व्हिडिओ बनवणारे ज्या पातळीला साधा पांढरा धरतात, ती आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे २०३ निट्स आहे. म्हणून ३० च्या आसपास ठेवलं की डेस्कटॉप आणि व्हिडिओ यांच्यात उडी जाणवत नाही. तिथून सुरुवात करा. दिवसा खिडकीतून भरपूर उजेड येत असेल तर ४० किंवा ५० करा, रात्री २० पर्यंत आणा.

पण ५००:१ म्हणजे १०००:१ नव्हे. ज्या मॉनिटरमध्ये बॅकलाइटचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद होतात, म्हणजे लोकल डिमिंग असतं, किंवा ज्यात ओलेड पॅनेल असतं, तिथे हा प्रश्न बराचसा किंवा पूर्णच सुटतो. बाकीच्यांनी एचडीआरमधल्या डेस्कटॉपकडून फार अपेक्षा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉक्सवरच्या शिक्क्यालाही भुलू नका. नुसतं एचडीआर१० सपोर्टेड लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. तो किती चांगला दाखवतो हे त्यात कुठेच सांगितलेलं नाही. २०१७ मध्ये व्हेसा या संस्थेने डिस्प्लेएचडीआर नावाचे दर्जे आणले. त्यातला ४०० हा सुरुवातीचा दर्जा मिळवायला लोकल डिमिंग असण्याची सक्ती नाही.

इंदूरच्या घरातला मॉनिटर

माझा मावसभाऊ इंदूरला राहतो, घरूनच अकाउंट्सचं काम करतो. त्याने २७ इंची, फोर-के, आयपीएस, डिस्प्लेएचडीआर ४०० वाला मॉनिटर घेतला. कारण निव्वळ घरगुती होतं. त्याच्या बहिणीच्या हळदीचे व्हिडिओ आयफोनवर काढलेले होते आणि मावशीला ते मोठ्या पडद्यावर बघायचे होते. आयफोन १२ पासून पुढचे फोन एचडीआरमध्ये रेकॉर्डिंग करतात, म्हणून याने मॉनिटरवरही एचडीआर लावलं. संध्याकाळी फोन आला, "ताई, मॉनिटर फिका निघालाय, परत करायची मुदत परवा संपतेय."

आम्ही फोनवरच क्रमाने बघितलं. एचडीआर बंद केल्यावर काळा व्यवस्थित काळा होत होता, म्हणजे केबलचा गैरसमज नाही. यूट्यूबवरच्या एचडीआर व्हिडिओत smpte2084 दिसत होतं आणि चित्र झकास होतं, म्हणजे मॉनिटरही ठीक. राहिला डेस्कटॉप. त्याचा स्लायडर १० वर होता. ३० वर नेल्यावर तो म्हणाला, "बरंच सुधारलं, पण रंग अजून पहिल्यासारखे टपोरे नाहीत."

ही तक्रार बरोबर होती, पण तिचं कारण वेगळं होतं आणि ते समजलं तर पुष्कळांची चिंता मिटेल. आजकालचे अनेक मॉनिटर साध्या रंगांपेक्षा जास्त गडद लाल-हिरवे रंग दाखवू शकतात. एचडीआर बंद असताना कारखान्यातून आलेल्या मोडमध्ये ते साधे रंगही ताणून गडद दाखवतात. दुकानात असं चित्र उठून दिसतं, आपल्यालाही आवडतं आणि हळूहळू डोळ्यांना त्याचीच सवय लागते. एचडीआर चालू झालं की विंडोज हेच रंग मोजूनमापून, जेवढे आहेत तेवढेच पाठवतो. फिके वाटणारे रंग प्रत्यक्षात बरोबर असतात, आधीचे भडक होते.

हे पडताळता येतं. एचडीआर बंद करा आणि मॉनिटरच्या बटणांवरून पिक्चर मोडमध्ये sRGB निवडा. आता दिसणारे रंग एचडीआर चालू असतानाच्या रंगांशी जुळत असतील, तर तुमचा एचडीआर बरोबर चाललाय. मावसभावाकडे नेमकं हेच झालं. sRGB मोडमध्येही फोल्डरचा पिवळा तसाच सौम्य होता. मॉनिटर परत गेला नाही.

सावल्या तरीही धुरकट?

एवढं करूनही काही जणांना गडद भाग थोडे धुरकट वाटतात. विशेषतः काळ्या पार्श्वभूमीचे ॲप, रात्रीचे प्रसंग असलेले साधे व्हिडिओ, यांत. यामागे विंडोजचं एक ठरलेलं गणित आहे. साधं चित्र एचडीआरमध्ये नेताना तो जे सूत्र वापरतो, ते अगदी गडद छटांमध्ये बहुतेक मॉनिटरच्या नेहमीच्या सूत्रापेक्षा जास्त उजेड देतं. एक उदाहरण घ्या. सिग्नल ५ टक्के असेल तर मॉनिटरच्या नेहमीच्या सूत्राने उजेड पांढऱ्याच्या साधारण ०.१४ टक्के येतो, विंडोजच्या सूत्राने साधारण ०.३९ टक्के. जवळजवळ तिप्पट. मधल्या आणि उजळ छटांमध्ये फरक नगण्य असतो, म्हणून चेहरे ठीक दिसतात आणि कोपऱ्यातला अंधार मात्र उठून येतो.

हे सूत्र बदलायला विंडोजमध्ये बटण नाही. हौशी मंडळींनी त्यासाठी कलर प्रोफाइलच्या फाइली बनवल्या आहेत. त्या लावल्या की डेस्कटॉपच्या सावल्या खोल होतात, पण त्याच फाइलीमुळे खऱ्या एचडीआर व्हिडिओच्या सावल्याही खाली दबतात, ज्या मुळात बरोबर होत्या. तुम्ही व्हिडिओसाठी एचडीआर लावत असाल तर हा सौदा तोट्याचा आहे. साधा व्हिडिओ बघायचाय? Win + Alt + B दाबून एचडीआर बंद करा, आपोआप नेहमीचं सूत्र परत येतं.

एचडीआर बंद असतानाही राखाडी दिसत असेल तर

आता तो मघाचा गैरसमज. कॉम्प्युटर रंगांचे आकडे ० ते २५५ असे पाठवू शकतो, ० म्हणजे काळा. टीव्हीच्या जगात मात्र १६ ते २३५ अशी पद्धत आहे, तिथे १६ म्हणजे काळा. एचडीएमआय केबल लावली की कधीकधी कॉम्प्युटर समोर टीव्ही आहे असं समजून दुसरी पद्धत धरतो आणि मॉनिटर पहिलीच धरून बसतो. काळा म्हणून पाठवलेला १६ मॉनिटरला गडद राखाडी वाटतो, पांढरा म्हणून पाठवलेला २३५ पूर्ण पांढरा होत नाही. चित्र दोन्ही टोकांनी फिकं पडतं.

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर NVIDIA Control Panel मध्ये Change resolution उघडा, खाली Use NVIDIA color settings निवडा, Output color format मध्ये RGB आणि Output dynamic range मध्ये Full ठेवा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये Pixel Format मध्ये Full RGB लिहिलेला पर्याय असतो. इंटेलच्या ॲपमध्ये Quantization Range शोधा. मॉनिटरच्या मेनूतही RGB Range किंवा Black Level असं काहीतरी असतं, तिथेही हीच पद्धत निवडलेली हवी. दोघांनी एकच भाषा बोलायची, एवढाच मुद्दा आहे. उलट गडबड झाली, म्हणजे सावल्यांमधले काळे केस, काळी पँट, काळी खुर्ची सगळं एकच गोळा दिसू लागलं, तर तुम्ही एका बाजूला जास्त बदललंय असं समजा.

हे करताना Advanced display मध्ये 8-bit with dithering असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा, एचडीएमआय २.० च्या केबलमधून, पूर्ण १० बिटमध्ये मावत नाही, म्हणून विंडोज ही तडजोड करतो. फिकेपणाशी तिचा संबंध नाही.

डेस्कटॉप ठीक, व्हिडिओच फिका

हा प्रकार कमी जणांना येतो, पण घरगुती व्हिडिओंच्या बाबतीत हमखास येतो. एचडीआर व्हिडिओचे आकडे वेगळ्या पद्धतीने भरलेले असतात. ते न ओळखणाऱ्या प्लेअरने ते साधे समजून दाखवले, तर सगळं चित्र दुधट, सपाट दिसतं. हळदीचा पिवळा मेणासारखा, लाल शालू विटकरी. इथे मॉनिटरची किती सेटिंग बदलली तरी उपयोग नाही, प्लेअर बदलायला हवा. व्हीएलसीच्या ३.० आवृत्तीपासून विंडोजवर एचडीआर१० ची सोय आहे, म्हणून तुमच्याकडची आवृत्ती जुनी असेल तर आधी ती अपडेट करा आणि तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्येही उघडून बघा. एकात फिकी, दुसऱ्यात रसरशीत दिसली तर उत्तर मिळालंच.

मावसभावाकडे दोन क्लिप अशाच होत्या. दुसऱ्या प्लेअरमध्ये एक नीट दिसली, दुसरी तशीच राहिली. नीट चौकशी केल्यावर कळलं की ती फॅमिली ग्रुपवरून डाउनलोड केलेली होती. मेसेजिंग ॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतात आणि त्यात एचडीआरची माहिती वाटेतच गळू शकते. मग कुठलाही प्लेअर ती परत आणू शकत नाही. ज्याच्या फोनवर व्हिडिओ काढला त्याच्याकडून मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या. पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना कुठल्याही स्क्रीनवर सारखं दिसायला हवं असेल, तर आयफोनच्या Settings मध्ये Camera, त्यात Record Video आणि तिथे HDR Video बंद करता येतं. मूळ फाइल चांगल्या स्क्रीनवर बघायची हौस असेल तर मात्र चालूच ठेवा.

शेवटची जुळवणी

वरचं सगळं जागेवर आलं की मगच मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून Windows HDR Calibration हे मोफत ॲप घ्या. आधी मॉनिटरच्या मेनूत एचडीआरसाठी जो मोड कायम ठेवायचाय तो निवडा, कारण नंतर मोड बदलला तर जुळवणी वाया जाते. काही मॉनिटरमध्ये साध्या चित्राला एचडीआरसारखं भासवणारा एक नकली मोडही असतो, तो टाळा.

ॲप तुम्हाला तीन नक्षी दाखवतं. पहिल्या नक्षीत सगळ्यात गडद छटा कुठे दिसेनाशी होते ते ठरवायचं, पुढच्या दोनमध्ये सगळ्यात उजळ. प्रत्येक वेळी नक्षी पार्श्वभूमीत मिसळून जाईपर्यंत स्लायडर सरकवायचा आणि थांबायचं. तुमचा मॉनिटर खरोखर किती उजेड देऊ शकतो हे यातून विंडोजला कळतं. स्वस्त मॉनिटर स्वतःबद्दल कधीकधी चुकीची माहिती देतात, म्हणून याचा फायदा होतो. हे काम ज्या वेळी आणि ज्या उजेडात तुम्ही सिनेमे बघता, त्याच वेळी करा.

शेवटी रंगांच्या गडदपणाचा एक स्लायडर येतो. मघाशी ज्यांना टपोरे रंग हवे होते त्यांच्यासाठी ही जागा. मावसभावाने तो थोडासा पुढे सरकवला आणि तो खूश झाला. फार पुढे नेऊ नका, माणसांचे चेहरे आधी केशरी होतात, बाकीचं नंतर कळतं.

एक पथ्य मात्र पाळा. फोटो छापायला द्यायचे असतील, लग्नपत्रिकेचं डिझाइन करायचं असेल किंवा साडीचा रंग बघून ऑनलाइन ऑर्डर द्यायची असेल, तर एचडीआर बंद ठेवून, मॉनिटर sRGB मोडमध्ये ठेवून काम करा. लोकल डिमिंग नसलेल्या मॉनिटरवर तर मी रोजचं कामही एचडीआर बंद ठेवूनच करायला सांगेन. सिनेमा लावताना तीन बटणं दाबायची आणि संपला की पुन्हा तीच दाबायची, यात काहीच त्रास नाही.

आणि हा फिकेपणा कुणाला दाखवायचा असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका. एचडीआर चालू असताना घेतलेला स्क्रीनशॉट कधी जास्त उजळ येतो, कधी फिका, आणि समोरच्याच्या फोनवर तिसराच दिसतो. Snipping Tool च्या सेटिंगमध्ये HDR screenshot color corrector नावाचं एक बटण आहे, ते लावलं तर इतरांना पाठवायचे स्क्रीनशॉट बरे येतात. पण त्यातही मॉनिटरच्या बॅकलाइटचा उजेड उतरत नाही, तो फक्त तुमच्या टेबलावर, तुमच्याच डोळ्यांना दिसतो.